लॅमिनेट केलेला रिपोर्ट

"लॅमिनेट केलंय म्हणल्यावर खरंच असणार ना बाई आता," भामाबाई मेघाच्या कानाशी पुटपुटल्या. चहाचा कप तिच्या हातात देता देता त्यांनी पुढचंही उरकून घेतलं. "लग्नाचा फोटो कधी लॅमिनेट नाय केला यांनी. चाळीस वर्षं कॅरीबॅगमध्ये पडलाय."

मेघानं गल्ल्यावरचा तो कागद उचलला. कागद कसला, चांगला जाड प्लॅस्टिकचा तक्ताच झाला होता. चारी कोपरे गोल कापलेले, वर पिवळ्या पेनानं दोन ओळी रंगवलेल्या. तिनं तीन दिवसांपूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट. पाठवताना ती गॅसजवळ उभी होती आणि भाजी करपायला आली होती, एवढंच तिला त्या रिपोर्टबद्दल आठवत होतं.

"अप्पा, याला लॅमिनेशन कशाला?"

"खराब होतो गं कागद. दुकानात सतरा जणांचे हात लागत्यात," अप्पाराव म्हणाले. "आणि असल्या वस्तूची किंमत ठेवावी माणसानं. सम्यक म्हणला फोनवर, पप्पा, धंद्याचं काय ठरवायचं ते डेटा बघून ठरवा, अंदाजानं नको. मी म्हणलं, बघतो. बघितला. ठरवलं."

उस्मानपुऱ्यातलं सम्यक स्टील सेंटर म्हणजे अप्पाराव खरातांचं दुकान. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला पातेल्यांच्या उतरंडी, उजवीकडं डबे, वर टांगलेल्या कढया, आणि मधल्या अरुंद बोळात एक माणूस आडवा झाला तर दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. दारालगत गल्ला, तिथं भामाबाई. त्यांच्यापासून दोन पावलांवर स्टुलावर नावं घालायचं मशीन. आणि अगदी मागं, भिंतीला नाक लावून, कॉम्प्युटर. प्लग त्या भिंतीत, म्हणून कॉम्प्युटर त्या भिंतीला, आणि म्हणून कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मालकाची पाठ सगळ्या दुकानाकडं. या मांडणीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

बिलिंगचं सॉफ्टवेअर मेघा बघायची. शहरातल्या बऱ्याच दुकानांचं ती बघायची. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाला जीएसटीचा आकडा जुळेना, की मेघाताईची स्कूटी दारात हजर. कॉलेजात जाऊन शिकलेली नव्हती ती. लेकराला झोपवून मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकली होती. त्यामुळं आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याचा हिशोब तिच्या डोक्यात बऱ्यापैकी पक्का होता. निदान आजपर्यंत तिला तसं वाटत होतं.

"काय ठरवलंत?" तिनं विचारलं.

अप्पारावांनी तक्ता हातात घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. विक्रीची वेळ. सकाळी नऊ ते अकरा, धबाधबा बिलं. दुपारी मध्यम. संध्याकाळी पाचनंतर, काय नाय. रोज चार-पाच बिलं, आणि तीबी माझ्याच नावावर. विक्रेता, अप्पाराव. सकाळची सगळी कुणाच्या नावावर? विक्रेता, सत्यभामा. ती कोपऱ्यात डबे पुसती ती. आता मला सांग, पाचनंतर दिवे जाळून मी कुणाची वाट बघत बसतो इथं?"

"अहो, पण गिऱ्हाईक दिसत नाय का तुम्हाला संध्याकाळी?" भामाबाईंनी हळूच विचारलं.

"दिसतं की. येतंय, हात लावतंय, वाजवून बघतंय, जुन्या भांड्यावर नाव घालून घेतंय आणि जातंय. बघायला येणारी माणसं निराळी आणि घेणारी निराळी. ते डोळ्याला कळत नाय, कॉम्प्युटरला कळतंय."

"आणि ती गल्ल्यावरच्या पेमेंटच्या डब्यातली बाई बोलती ती? इतके रुपये प्राप्त झाले म्हणून?"

"ती शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याची. दोघींचा आवाज एकच हाये."

यावर भामाबाईंनी मेघाकडं बघितलं आणि मग चहाच्या किटलीकडं. गल्ला त्यांच्या ताब्यात होता, पैसे त्याच मोजायच्या, आणि रात्रीची बेरीज दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या बेरजेशी बरोबर जुळायची. बेरीज जुळली की अप्पाराव पुढं काही विचारायचे नाहीत. न विचारलेलं सांगायची भामाबाईंना सवय नव्हती.

"तर ऐक," अप्पाराव आवाज उतरवून म्हणाले. "एक तारखेपासून दुकान सकाळी आठला उघडायचं आणि पाचला बंद. सत्यभामाचा पगार वाढवायचा. आणि ती पोरगी," त्यांनी मानेनं मशीनकडं खूण केली, "तिला पडेगावला एका ओळखीच्याकडं चिकटवून देतो. मी शब्द टाकलाय. पण तिला सांगायचं कुणी? म्हणून तुला बोलवलं."

"मला?"

"तू सांग. कॉम्प्युटरनं सांगितलं म्हण. माझ्या तोंडून बरं वाटत नाय गं, लेकरासारखी हाये ती."

मशीनवर अक्षदा बसली होती. पडेगावची पोरगी. बाप, मुंजाबा, अजून दौलताबादच्या रस्त्याला मेंढरं घेऊन फिरतो. सकाळी तिचं कॉलेज, चार वाजता बसनं इथं. मशीनची सुई तिच्या हातात आली की स्टीलवर अक्षर असं उतरायचं, जणू आधीच तिथं होतं आणि हिनं फक्त धूळ झटकली. लग्नाच्या आहेराची भांडी घ्यायला बायका मुद्दाम संध्याकाळी यायच्या, अक्षदाकडून नाव घालून मिळावं म्हणून. आत्ताही तिच्यापुढं दोघी उभ्या होत्या.

"आपा, नाम जरा बडा डालो, सास को चष्मा है," त्यातली एक म्हणत होती.

"हौ, डालती," अक्षदा मान वर न करता म्हणाली. "सासूचं नाव की सुनेचं?"

"मेरा डालो. सास को पढने दो."

घर्र आवाज सुरू झाला. या पोरीची नोकरी आपल्या गॅसजवळच्या पाच मिनिटांनी खाल्ली, हे तिला आत्ता उमगत होतं.

"अप्पा," ती म्हणाली, "कॉम्प्युटर असं काही म्हणालेला नाही."

"लिहिलंय की."

"लिहिलंय ते मी विचारलं तेवढ्याचं उत्तर आहे. थांबा, दाखवते." तिनं किलोवर विकायच्या चमच्यांचं टोपलं ओढलं आणि गल्ल्यावर उपडं केलं. भामाबाईंनी चहाचे कप पटापट उचलले. "हे चमचे म्हणजे तुमची बिलं समजा. महिन्याची सगळी. मी कॉम्प्युटरला काय म्हणाले, तर यांचे ढीग कर. एका जातीचे एकीकडं, आणि प्रत्येक ढिगात किती ते मोज. याला आम्ही क्वेरी म्हणतो. प्रश्नच तो, दुसरं काही नाही. करा बरं तुम्ही ढीग."

अप्पारावांना असली कामं आवडायची. त्यांनी भराभरा ढीग केले. मोठे चमचे, छोटे चमचे, पळ्या. पळ्या तीनच निघाल्या.

"झाले. आता काट्यांचा ढीग कुठाय?"

"काटे नायतच यात."

"म्हणजे जगात कुणी काट्यानं खात नाही?"

"असं कसं? या टोपल्यात नायत."

"तसंच अक्षदाचं. तिचं नाव तुमच्या तक्त्यात शून्य म्हणून आलंय का? बघा."

अप्पारावांनी वरून खाली बोट फिरवलं. "नावच नाय तिचं."

"नाहीच येणार. ज्याच्या नावावर एकही बिल नाही त्याचा ढीगच होत नाही, आणि ढीग नाही म्हणून ओळ नाही. तुम्ही ते वाचलंत की ती काही विकत नाही. कागद म्हणतोय एवढंच की तिच्या नावानं कॉम्प्युटर उघडून कुणी बिल केलेलं नाही. ही 'विक्रेता' जी ओळ आहे ना, ती चुकीची लिहिली मी. विक्रेता नाही ते. कॉम्प्युटर कुणाच्या नावानं उघडलेला होता, ते. डबा कुणी दाखवला, झाकण घट्ट बसतंय का ते कुणी लावून दाखवलं, गिऱ्हाईक दारातून परत फिरत होतं त्याला कुणी बोलवलं, हे टोपल्यात पडतच नाही."

"आणि नाव घालायचे आपण पैसे घेत नाय," भामाबाई म्हणाल्या.

"बरोबर. फुकटचं काम, त्याचं बिल नाही, म्हणून तेही नाही. नाव घालून मिळतं म्हणून किती जण कुकर घेतात, कॉम्प्युटरला विचारलं तर तो गप्प बसेल. आणि कुणी आलं, हवी ती कढई मिळाली नाही, हात हलवत गेलं, तर त्याचाही चमचा नाही."

अप्पाराव तीन पळ्या हातात घेऊन विचारात पडले. माणूस हट्टी होता, पण डोक्यानं मंद नव्हता. शंभर प्रकारची भांडी नुसत्या टिचकीनं ओळखणारा गडी.

"बरं," ते म्हणाले, "हे पटलं. कुणी विकलं ते कळत नाय, गेलेलं गिऱ्हाईक कळत नाय. पण विकलं कधी ते तर कळतंय? सकाळी नऊ ते अकरा एवढी बिलं झाली, हे खोटं का?"

"ते खोटं नाही. बिलं झालीत."

"मग सकाळीच विकलं ना."

मेघा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात गल्ल्यावरचा डबा बोलला. पैसे आल्याचं त्या बाईनं नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं. सासूला वाचायला लावणारीनं पाच डब्यांचा सेट घेतला होता. भामाबाईंनी पाटीवरच्या कागदाचा एक तुकडा फाडून त्यावर काहीतरी खरडलं, तिला दिलं, दुसरा तसाच तुकडा भिंतीवरच्या तारेत खोचला, आणि ती बाई पिशवी सावरत गेली.

मेघानं मागं कॉम्प्युटरकडं बघितलं. तिथं एक बिल अर्धवट उघडं होतं. अप्पाराव तिच्याशी बोलायला उठण्याआधी करत होते ते. दूध तापवायचा एक गंज, गिऱ्हाइकाचं नाव खंडेराव. खंडेराव स्वतः गंज काखेत मारून कॉम्प्युटरशेजारी उभा होता, बिडकीनची बस गाठायची असल्यासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

"अप्पा, तेवढं माझं," तो म्हणाला.

"आलो, आलो. पक्कं बिल पाहिजे ना? घाई केली की चूक होती." अप्पाराव जाऊन बसले. उजव्या हाताचं पहिलं बोट वर उचललं, बगळा पाण्यावर चोच धरतो तसं धरलं, आणि कीबोर्डवर नजर फिरवायला लागले. "जी... जी कुठं गेला... हा सापडला."

तेवढ्यात गल्ल्यावरची बाई पुन्हा बोलली. भामाबाईंनी पुन्हा एक तुकडा खोचला. मोठी पिशवी घेऊन एक जोडपं गेलं. अक्षदानं पुढच्या गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून दाखवलं. पुन्हा बाई बोलली. मागं एक अक्षर उमटलं.

मेघानं लॅपटॉप उघडून गल्ल्याच्या कोपऱ्यावर ठेवला, दुकानाच्या डेटाबेसला जोडला आणि आजची पाचनंतरची बिलं मागवली. एकही नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर तीन गिऱ्हाइकं माल घेऊन गेली होती, आणि कॉम्प्युटरच्या लेखी संध्याकाळ अजून कोरी होती.

मग तिला स्वतःची दुसरी चूक दिसली. बिलावर नुसती तारीख असते, वेळ नसते. अप्पांना तास हवे होते, म्हणून तिनं दुसरा रकाना घेतला होता. ज्या क्षणी बिल कॉम्प्युटरमध्ये भरलं जातं, त्या क्षणाची वेळ कॉम्प्युटर स्वतःहून तिथं टाकतो. ती नोंदीची वेळ. आणि तिनं, करपत्या भाजीच्या वासात, त्यावर नाव ठोकलं होतं 'विक्रीची वेळ'.

तिनं नवा प्रश्न लिहिला. ज्या बिलाची तारीख एक आणि नोंद दुसऱ्याच दिवशीची, अशी बिलं दाखव. उत्तर आलं तेव्हा पडदा भरून खाली वाहायला लागला. सकाळची जवळजवळ सगळी बिलं तसली. तारीख कालची, नोंद आजच्या सकाळची. आणि दोन नोंदींमध्ये अंतर इतकं कमी की तेवढ्यात कुणी पातेलं वाजवूनही बघू शकणार नाही.

"अप्पा, जरा या," ती म्हणाली.

खंडेरावाचं बिल एकदाचं छापून झालं होतं. त्यानं ते खिशात कोंबलं आणि धूम ठोकली. अप्पाराव समाधानानं हात चोळत आले.

"तुम्ही मघाशी विचारलंत, सकाळीच विकलं ना म्हणून. त्याचं उत्तर, नाही. निदान या बिलांचं तरी नाही. हे बघा, बिलावर तारीख सोमवारची. कॉम्प्युटरमध्ये भरलं कधी? मंगळवारी सकाळी. तारीख भरणाऱ्याला बदलता येते, आणि बदललीय, म्हणून तुमची रोजची बेरीज गल्ल्याशी बरोबर जुळते. पण भरायची वेळ कुणाला बदलता येत नाही, ती आपोआप पडते. माझ्या रिपोर्टात ती वेळ होती. सकाळी नऊ ते अकरा म्हणजे विक्रीची गर्दी नाही. भरायची गर्दी."

अप्पाराव लॅपटॉपवर वाकले. दोन्ही तारखांवर आळीपाळीनं बोट ठेवून बघितलं.

"म्हणजे आदल्या दिवशी विकलेला माल."

"आदल्या दिवशीच्या तारखेचा, एवढं नक्की. कुठल्या तासाला विकला ते हा कागद नाही सांगू शकत. पण आत्ता आपल्यासमोर तीन गिऱ्हाइकं माल घेऊन गेली आणि त्यातलं एकही इथं नाही, हे आपण डोळ्यांनी बघितलं. ती डब्यातली बाईसुद्धा तुमचीच आहे अप्पा, कव्हरवाल्याची नाही. पैसे आल्याच्या वेळा पाहिजेत तर मोबाइलवर बँकेकडून मिळतील. रोखीच्या नाही मिळणार."

"मग संध्याकाळी धंदा हाये."

"आहे. किती, ते आत्ता सांगत नाही. एकदा घाईत सांगितलं, तुम्ही लॅमिनेट केलंत."

अप्पाराव हसले. खरं सांगायचं तर खूशच झाले, कारण अक्षदाला काढायचं म्हणून तीन रात्री त्यांना नीट झोप नव्हती, असं भामाबाई नंतर सांगायच्या. पण हसता हसता त्यांचं डोकं पुढं चाललं होतं, आणि ते जिथं चाललं होतं ते मेघाच्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला.

"पण मग," ते म्हणाले, "संध्याकाळचं बिल संध्याकाळीच का होत नाय?"

अक्षदानं सुई अधिकच वाकून धरली. कोपऱ्यात डबे पुसणारी सत्यभामा तोच डबा दुसऱ्यांदा पुसायला लागली. चाळिशीची बाई, दहा वर्षं या दुकानात काढलेली, सहाला घरी जायची तिची वेळ झाली होती आणि आजच नेमकी ती थांबली होती.

"चहात साखर कमी पडली का गं मेघा?" भामाबाईंनी विचारलं.

आणि तिघींचीही नजर, ठरवून नाही, पण एकाच वेळी, कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीवर गेली. तिथं बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक छोटी फ्रेम होती. मेघानं ती शंभरदा बघितली होती. तिच्यात एक बिल होतं. एक कुकर, एक झारा, गिऱ्हाईक खंडेराव, बिडकीन.

ते अप्पारावांनी स्वतः केलेलं पहिलं बिल. सम्यक नोकरीला बंगळुरूला गेला तेव्हा कॉम्प्युटर बंद पडून धूळ खाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. अप्पाराव म्हणाले होते, माझ्या बापाला अंगठ्याऐवजी सही करायला पन्नाशी लागली, मला बोटं फिरवायला साठी लागली तर काय बिघडलं. पावसाळाभर ते बसले होते शिकत. पहिलं बिल छापून बाहेर आलं त्या दिवशी दुकानात पेढे वाटले, सम्यकनं व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या, खंडेरावाला झारा फुकट दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी, दुकानाची खरी गर्दी सुरू व्हायच्या वेळी, अप्पाराव धुतलेला शर्ट घालून कॉम्प्युटरवर बसायचे. ती त्यांची जागा होती. तिथून उठा असं म्हणणारं माणूस या घरात जन्मलं नव्हतं आणि दुकानात कामालाही लागलं नव्हतं.

मेघाला सगळं लख्ख दिसलं. संध्याकाळच्या चिठ्ठ्या, तारेत खोचलेल्या. सकाळी मालक यायच्या आत सत्यभामा आपल्या नावानं कॉम्प्युटर उघडणार, तारीख कालची टाकणार, धडाधड भरणार. आणि दिसल्याबरोबर मेघासुद्धा त्या तिघींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"का होत नाही," ती म्हणाली, "ते काही क्वेरी सांगू शकत नाही अप्पा. कधी भरलं ते कळतं. का, ते नाही."

बोलली ते अक्षरशः खरं होतं. आयुष्यात इतक्या खऱ्या वाक्यामागं ती इतकी कधी लपली नव्हती.

"क्वेरीचं राहू दे, माणसं सांगतील," अप्पाराव म्हणाले आणि कोपऱ्याकडं वळले. "सत्यभामा, ही सकाळची बिलं तू भरतीस?"

"व्हय, अप्पा."

"अक्षदानं विकलेल्या मालाची?"

"व्हय."

"स्वतःच्या नावावर."

"कॉम्प्युटर माझ्या नावानं उघडते ना मी. त्यात आपोआप..." सत्यभामाचा आवाज डब्यात पडल्यासारखा झाला.

"आणि तारीख मागची टाकतीस. म्हणजे मला कळू नये म्हणूनच ना?"

सत्यभामानं डब्याचं झाकण उगाच काढून परत लावलं.

"अहो," भामाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना. मी सांगते रात्री."

"रात्री कशाला? मी हिचा पगार वाढवणार होतो. लॅमिनेशन केलं मी हिच्या नावाचं," अप्पाराव म्हणाले. रागापेक्षा त्यांच्या आवाजात दुखणंच जास्त होतं. "दहा वर्षं झाली तुला इथं. पाहिजे होता पगार तर माझ्याकडं मागायचा. त्या पोरीचं काम आपल्या नावावर लावायचं, आणि तिची नोकरी जायची वेळ आली तरी तोंडातून शब्द नाय? मेघा, तुझा कॉम्प्युटर बरोबर बोलला म्हणायचा. याला काय म्हणत्यात? चोरीच ना?"

"तसंही कॉम्प्युटर म्हणत नाही अप्पा," मेघा म्हणाली, पण फार हळू.

सत्यभामाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं डबा घट्ट धरला होता. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. फ्रेमकडं तिनं एकदा बघितलं, मग डब्याकडं.

घर्र आवाज थांबला. अक्षदानं मशीनचं बटण बंद केलं, सुई कापसात टोचून ठेवली, पुढ्यातलं पातेलं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. "मावशी, दोन मिनिटं थांबता का? नाव अर्धं झालंय, पुरं करून देते." मग उठून ती अप्पारावांपुढं येऊन उभी राहिली. बापाची मेंढरं रस्त्यात ट्रकसमोर आडवी झाली की ही अशीच मधोमध उभी राहत असणार, असं मेघाला वाटलं.

"ताईंनी कायबी चोरलं नाय, अप्पा. चिठ्ठ्या मीच ठेवती त्यांच्यासाठी. मीच म्हणलं होतं, सकाळी भरा."

"तू म्हणलीस? का?"

"गिऱ्हाईक थांबत नाय म्हणून."

"कशासाठी थांबायचं? कॉम्प्युटर इथंच हाये. मी इथं बसलेला असतोच की सगळी संध्याकाळ."

"व्हय," अक्षदा म्हणाली.

भामाबाईंनी डोळे मिटून घेतले. मेघानं लॅपटॉप बंद केला, कारण यापुढचं त्यात कुठंच नव्हतं. अप्पाराव चष्म्यावरून एकेकीकडं बघत राहिले, आणि त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट, काही विचारायला उचललेलं, तसंच हवेत थांबलं.

अक्षदानं त्या बोटाकडं बघितलं. तिला हसू आलं, ते तिनं दाबलं, आणि आपल्या आजोबाशी बोलावं तशा मायेनं ती म्हणाली,

"अप्पा, तुम्ही लई हळू बिल करता."